विनय कुठून बोलतोय? कानाने सोडवायची रहस्यकथा आतून कशी बांधतात

रहस्यकथा वाचताना आपण एक चोरी सगळेच करतो, शेवट जवळ आला की चार पानं मागे जाऊन बघतो की अरे तो माळी तेव्हा नक्की काय म्हणाला होता. ऑडिओमध्ये ते जमत नाही. म्हणजे आता अ‍ॅपवर पंधरा सेकंद मागे जायचं बटण असतं हे खरं, पण ऐकणारा माणूस कणीक मळत असतो नाहीतर लोकलमध्ये लटकलेला असतो, त्याचे हात मोकळे नसतात. त्यामुळे जे काही द्यायचंय ते एकदा कानावर पडून डोक्यात राहिलं पाहिजे आणि तरी ते "हा बघा पुरावा" असं ओरडता कामा नये. सगळी गंमत आणि सगळी कटकट या एका वाक्यात आहे.

हा प्रकार काही पॉडकास्टवाल्यांनी शोधलेला नाही. १९३९ च्या जूनमध्ये अमेरिकेत सीबीएस रेडिओवर एलरी क्वीनची मालिका सुरू झाली (एलरी क्वीन हे डिटेक्टिव्हचंही नाव आणि ते लिहिणाऱ्या दोघा मावसभावांचं टोपणनावही), सुरुवातीला ती तासाभराची असायची, आणि त्यात गोष्ट शेवटाच्या अलीकडे चक्क थांबवायचे, स्टुडिओत बसलेल्या पाहुण्यांना विचारायचे बोला, कोणी केलं, का, कशावरून? त्यांचं बोलून झालं की मग खरा उलगडा. या थांबण्यात एक अट लपलेली आहे. थांबल्यानंतर नवीन माहिती यायची नाही. जे लागणार ते आधीच ऐकवलेलं असलं पाहिजे. छापील रहस्यकथांसाठी रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये दहा नियम लिहिले होते त्यातही हे आहेच, की डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकाला लगेच दाखवायचा. कानासाठी मात्र 'दाखवायचा' म्हणजे नक्की काय करायचं, तिथे घोडं अडतं.

आम्ही तिघांनी मिळून एक चौदा मिनिटांची श्रुतिका केली होती, त्यातलं एक कोडं इथे उघडून दाखवतो कारण त्यात आम्ही जेवढे आपटलो तेवढं दुसरीकडे कुठे आपटलो नाही.

गोष्ट अशी. वाईतलं जुनं घर. नाना, वय चौऱ्याहत्तर, कान जरा कमी, म्हणून त्यांच्या साध्या बटणाच्या फोनवर सगळे कॉल रेकॉर्ड होतात, रात्री निवांत परत ऐकतात कोण काय म्हणालं ते. वरच्या मजल्यावर भाडेकरू सोनटक्के सर, शिकवण्या घेतात. शेजारी मंदाकाकू, घराची एक किल्ली त्यांच्याकडे. आणि भाचा विनय, पुण्याला असतो. एका संध्याकाळी नाना आणि मंदाकाकू वाचनालयात पाच वाजताच्या व्याख्यानाला जातात, सहाला परत येतात तर कपाट उघडं आणि आजीच्या पाटल्या गायब. साताऱ्याहून नात येते, रमा, ती शोध घेते. विनय आठला पोचतो. पाच वाजता त्याने नानांना फोन केलेला असतो, "मामा, मी अजून स्वारगेटलाच आहे, एसटी आत्ता लागतीये." त्या कॉलचं रेकॉर्डिंग रमा लावते. स्वारगेटहून वाईला यायला दोन-अडीच तास आरामात जातात, म्हणजे पाचला तो खरंच स्वारगेटला असेल तर चोरी त्याने केलेली असूच शकत नाही.

तर प्रश्न एवढाच, की तो बोलत होता कुठून, आणि हे ऐकणाऱ्याला कॉलमधूनच कळायला हवं.

पहिल्या वेळी आम्हाला वाटलं हे तर सोपंय. स्वारगेटला असलेल्या माणसाच्या मागे हॉर्न हवेत, कंडक्टर हवेत, लाऊडस्पीकरवरची ती नाकातली अनाउन्समेंट हवी. विनयच्या मागे यातलं काहीच नाही. शांतता हाच पुरावा! आम्ही स्वतःवर बेहद्द खूश. ओळखीतल्या आठ जणांना ऐकवलं, एकालाही कळलं नाही. उलगडा ऐकल्यावर एक मित्र म्हणाला ते अजून लक्षात आहे, "मला वाटलं तुम्ही बॅकग्राउंड टाकायला विसरलात."

आणि त्याचं बरोबर होतं. श्रुतिका ऐकणारा माणूस मुळातच उदार असतो. दोन पावलं वाजली की तो म्हणतो बरं, जिना आहे, पक्षी किलबिलला की म्हणतो बरं, सकाळ आहे, आणि काहीच वाजलं नाही तर म्हणतो असू दे, बोलण्याकडे लक्ष देऊ. जे वाजलं नाही ते तो आपल्या मनाने भरून घेतो. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसते, कानाला रिकामी खुर्ची ऐकू येत नाही. न वाजलेल्या आवाजाला पुरावा करायचं असेल तर तो आवाज आधी इतक्यांदा वाजवावा लागतो की त्याची सवय होईल आणि मग तो गेल्यावर खटकेल, म्हणजे घरात सतत फिरणारा पंखा अचानक बंद पडल्यावर आपण मान वर करतो ना तसं. चौदा मिनिटांत त्याला जागा नव्हती.

मग ठरलं की काहीतरी वाजलंच पाहिजे, असं काहीतरी जे जगात फक्त त्याच घरात वाजतं.

म्हणून आलं लंबकाचं घड्याळ. आता नुसतं घड्याळ म्हटलं तर विनय म्हणेल मामा, कँटीनमध्ये होतं तिथलं. पण ही जुनी घड्याळं बिघडतात ती एका मजेशीर पद्धतीने. त्यातल्या बऱ्याच घड्याळांत टोले मोजणारं चाक वेगळं असतं, त्याच्या कडेला कमीजास्त अंतरावर खाचा असतात, एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत जाताना जेवढे टोले पडायचे तेवढे पडतात आणि पुढच्या तासाला ते चाक तिथूनच पुढे सरकतं. काटे कुठे आहेत हे त्या चाकाला माहीतच नसतं. कोणी घाईघाईने मोठा काटा पुढे फिरवला आणि मधले टोले पूर्ण होऊ दिले नाहीत की काटे बरोबर वेळ दाखवतात पण टोले कायमचे मागे राहतात. नानांचं घड्याळ असं दोनाने मागे. चार वाजता दोन टोले, सहा वाजता चार. आणि पाच वाजता तीन.

पाच वाजता तीन टोले देणारं घड्याळ म्हणजे त्या घराचा अंगठ्याचा ठसाच झाला की.

आकडे लहान ठेवले ते मुद्दाम. तीन-चार ठोके माणसाला न मोजता कळतात, त्यापुढे मनात एक-दोन-तीन करावं लागतं, आणि ज्याला मोजायचंय हेच माहीत नाही तो मोजणार कशाला? आमच्या आधीच्या कच्च्या खर्ड्यात चोरी रात्री दहाची होती आणि आठ टोले पडायचे, ते ऐकून सगळ्यांनी "बरेच टोले पडले" एवढंच सांगितलं. बरेच! म्हणून व्याख्यान पाचला आणलं. आणि अर्ध्या तासाला असली घड्याळं एकच टोला देतात त्यामुळे साडेपाच बिनकामाचे, फोन बरोब्बर पाचलाच यायला हवा.

आता हा टोला फोनच्या पलीकडून येणार. इथे दुसऱ्यांदा आपटलो, आणि हे जरा सविस्तर सांगतो.

साध्या फोनवरून आवाजाचा सगळा पट्टा जात नाही. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच मधला भाग जातो, खालचा घुमारा आणि वरची सळसळ दोन्ही कापलं जातं. म्हणून तर फोनवर स आणि फ मधला फरक पुसट होतो, आडनाव सांगताना "सणस, सणस, फणस नाही" असं ओरडावं लागतं. आजकालच्या फोर-जी कॉलवर पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जाऊ शकतो, पण नानांचा फोन जुना आणि शिवाय तो पातळ, डब्यातून आल्यासारखा आवाज ऐकला की लोकांना लगेच कळतं की हा पलीकडचा माणूस आहे, म्हणून श्रुतिकेत तोच वापरतात. करायला अवघड नाही, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ३०० च्या खालचं कापणारा हाय-पास फिल्टर आणि ३४०० च्या वरचं कापणारा लो-पास फिल्टर लावला की झालं. विनयचा आवाज त्यातून काढला, त्याच्या मागचे टोलेही त्यातून काढले.

आणि टोल्यांचा जीवच गेला. लंबकाच्या घड्याळाचा जो ढण्ण असा घुमणारा आवाज असतो, त्यातला घुमारा खालच्या पट्ट्यात असतो आणि तोच कापला गेला, उरली वरची किणकिण. आम्हाला तरी घड्याळच ऐकू येत होतं कारण आम्हाला माहीत होतं ते घड्याळ आहे. ही या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक, करणाऱ्याच्या कानाला उत्तर आधीच माहीत असतं. म्हणून आम्ही तेवढाच सहा सेकंदांचा तुकडा कापला आणि गोष्ट न सांगता लोकांना ऐकवला, बाबा रे, यात तुला काय काय ऐकू येतंय सांग. उत्तरं आली: कोणीतरी वाटीवर चमचा आपटतंय. चहाचा कप ढवळतायत. सायकलची घंटी. एका वहिनीने तर बरणीचं झाकण सांगितलं. घड्याळ कोणीच नाही.

ही चाचणी मला वाटतं बाकी सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, तुकडा कापायचा आणि ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला विचारायचं हे काय आहे. "आवडलं का" असं नाही विचारायचं, "काय आहे" असं विचारायचं. तुकड्यात ओळखू आलं नाही तर गोष्टीत ओळखू येणं शक्यच नाही.

यावर उपाय आमच्यातल्या जिने रमाचं काम केलं तिने सुचवला आणि तो इतका सरळ होता की राग आला. ती म्हणाली, तुम्ही लोकांना घड्याळाचा खरा आवाज आधी ऐकवताय आणि फोनमधला नंतर, मग त्यांनी दोन्ही जुळवायचे कसे? आधी पण फोनमधूनच ऐकवा ना!

म्हणून सुरुवातच बदलली. पहिला प्रसंग आता असा आहे, दुपारी चार वाजता रमा साताऱ्याहून नानांना फोन करते, आपण रमाच्या बाजूला आहोत, म्हणजे नाना पातळ आवाजात.

"नाना, जेवलात का वेळेवर?"

"जेवलो. वामकुक्षी पण झाली."

(टोला. टोला.)

"अहो दोनच वाजले तुमच्याकडे? इथे चार झाले!"

"त्याच्या नादी लागू नकोस. तुझी आजी गेल्यापासून ते पण माझ्यासारखंच, काटे ठीक आहेत, बोलणं चुकतं."

लोक इथे हसतात, नानांवर जीव जडतो आणि टोले विसरतात. पण कानाने त्या फोनमधल्या किणकिणीला "नानांचं घड्याळ" असं नाव देऊन टाकलेलं असतं, तेही आम्ही काही न शिकवता. पुरावा पुढे ज्या अवतारात येणार आहे त्याच अवतारात त्याची पहिली ओळख करून द्यायची, हे त्या दिवशी शिकलो. आणखी एक बारीक गोष्ट केली, या घड्याळांत टोले पडताना आतलं छोटं पंख्यासारखं चाक फिरतं त्याची खर्रर्र अशी घरघर असते, ती मधल्या पट्ट्यात असल्यामुळे फोनमधूनही टिकते. ती थोडी वाढवली. नंतर तोच तुकडा नव्या माणसांना ऐकवला तर पाचपैकी चौघं म्हणाले घड्याळ.

दुसऱ्यांदा घड्याळ वाजतं ते सहा वाजता, साधारण पावणेसहाव्या मिनिटाला. कुलूप उघडतं, दार करकरतं, मंदाकाकू म्हणतात "सहा वाजले, मी दिवा लावते", चार टोले पडतात आणि चौथ्या टोल्याच्या शेपटीवरच नाना आतून ओरडतात. चोरी कळली. आता कुणाचं लक्ष टोल्यांकडे राहतंय? पण प्रामाणिकपणे दिलेलं आहे, वेळ तोंडाने सांगितलीये, टोले पूर्ण चार वाजलेत, वर कुठलाही आवाज नाही. लपवायचं असेल तर पुराव्याच्या अंगावर आवाज टाकायचा नाही, त्याच्यानंतर लगेच काहीतरी मोठं घडवायचं. अंगावर टाकला तर कान तो ऐकूच शकत नाही, मोठा आवाज जवळच्या लहान आवाजाला गिळतो आणि मग ती फसवणूक झाली. नंतर टाकला तर ऐकलेलं असतं, फक्त बाजूला पडतं. दोघांत फार फरक आहे.

तिसरी वेळ म्हणजे खुद्द ते रेकॉर्डिंग, साडेनवव्या मिनिटाला. यात नाना जवळचे, भरलेल्या आवाजात, विनय पलीकडचा पातळ. (खऱ्या कॉल रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही बाजू पातळच येऊ शकतात, एकाने हे बरोबर पकडलं, पण ऐकणाऱ्याला कुठली बाजू कुठली ते कळायला दुसरा मार्ग नाही, एवढी सूट आम्ही घेतली.) पहिल्या खर्ड्यात नाना देवळात कीर्तनाला गेलेले होते, मग लगेच लोक म्हणाले टोले कसले, देवळातली घंटा असेल ती. म्हणून देऊळ काढून वाचनालय घातलं, तिथे काही वाजत नाही, खुर्च्या सरकतात फक्त.

"मामा, मी अजून स्वारगेटलाच आहे, एसटी आत्ता लागतीये."

"थांब थांब, चप्पल काढतोय, एका हाताने जमत नाही."

(खुर्च्यांची सरकासरकी. पलीकडून घरघर. टोला. टोला. टोला. त्याच्याही मागे, फार पुसट, पोरांचा एकसुरी आवाज.)

"मामा ऐकताय ना? मामा! आठपर्यंत पोचतो मी!"

"अरे ओरडू नकोस, आज ऐकू येतंय मला. ठेव, व्याख्यान सुरू होतंय."

"नाना, हळू बोला हो जरा", ही मंदाकाकू, भरलेल्या आवाजात, म्हणजे त्या नानांच्या शेजारी बसलेल्या आहेत आणि त्यांच्याकडे किल्ली असली तरी त्या सुटल्या.

चपलेची भानगड मुद्दाम आहे. टोले पडायला अडीच-तीन सेकंद तरी कोणी बोलायला नको आणि उगाच गप्प बसले तर संशय येतो, म्हणून नानांना कामाला लावलं. आणि विनय तिसऱ्या टोल्यानंतर अचानक मोठ्याने का बोलतो? पहिल्यांदा ऐकताना वाटतं मामाला कमी ऐकू येतं म्हणून. उलगड्यानंतर कळतं की त्याला टोले ऐकू आले आणि तो घाबरला. कानाच्या कोड्यात नटाचा सूर हा पण पुरावाच असतो, पण असा सूर हवा ज्याचे दोन अर्थ निघतात, आणि आमच्या विनयला हे समजवायला अकरा टेक गेले कारण तो प्रत्येक वेळी चोरासारखं बोलायचा.

ते मागचे पोरांचे आवाज म्हणजे सोनटक्के सरांची शिकवणी. रेकॉर्डिंग लावायच्या आधीच्या प्रसंगात सर तक्रार करतात, की पाच ते सहा पाढे घेत होतो हो, एकोणतीसचा, सातव्या घराशी येऊन सगळी अडखळतात, मी म्हणतो मग ती म्हणतात. कॉलमध्ये नीट ऐकलं तर आधी एक मोठा आवाज आणि मागोमाग पोरांचा कल्ला, अडखळलेला. म्हणजे एका फटक्यात दोन कामं, विनय त्या घरात होता हे परत एकदा पक्कं झालं आणि सर वर शिकवत होते म्हणजे तेही सुटले. हे फार लागतं. नुसतं "कोणी केलं" ते सांगणारा पुरावा पुरत नाही, बाकीच्यांनी का नाही केलं तेही ऐकू यायला हवं, नाहीतर ऐकणारा म्हणतो मला अंदाज होताच, आणि अंदाज म्हणजे सोडवणं नव्हे.

टोले किती हळू ठेवायचे यावर आमची भांडणं झाली. आवाज डेसिबलमध्ये मोजतात, विनयच्या बोलण्यापेक्षा सहा डेसिबल खाली ठेवले तर सगळ्यांनाच ते अंगावर आल्यासारखे वाटले, वीस खाली ठेवले तर हेडफोनवाल्यांनाच कळले. शेवटी बारा-तेराच्या आसपास थांबलो. पण तो आकडा आमच्या त्या मिक्सपुरता, तो धरून बसू नका, धरायची गोष्ट वेगळी आहे. आम्ही शेवटचा निर्णय स्टुडिओच्या स्पीकरवर घेतलाच नाही. फोन ओट्यावर ठेवला, एक्झॉस्ट फॅन लावला आणि फोनच्या त्या इवल्याशा स्पीकरवर ऐकलं, कारण लोक तसंच ऐकतात. त्याच कारणासाठी आमची एक लाडकी कल्पना मेली, फ्रिजची घरघर बंद होते म्हणजे वीज गेली वगैरे. आपल्याकडच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झची आणि तिची दुप्पट १०० ची, आणि फोनचा स्पीकर इतकं खालचं वाजवतच नाही. चांगल्या हेडफोनवर फार सुंदर पुरावा होता तो, ओट्यावर शून्य.

नावांचं थोडक्यात सांगतो, पहिल्या खर्ड्यात विनय, विजय आणि विद्याकाकू होते. छापलेलं वाचताना काही वाटलं नाही. ऐकताना तिसऱ्या मिनिटाला बहीण म्हणाली "यातला वि कुठला?" आणि तिथेच दोघांची बारशी परत केली. तीन संशयितांपेक्षा जास्त घेऊ नका असंही माझं मत आहे, चौथा माणूस आला की लोक आवाज ओळखण्यातच दमतात.

आता ते थांबणं. साडेअकराव्या मिनिटाला रमा म्हणते, "मला कळलं. तुम्हाला जे ऐकू आलं तेवढंच मला ऐकू आलंय." आणि आम्ही वीस सेकंद दिले. पूर्ण शांतता ठेवली तर लोक खिशातून फोन काढून बघतात नेट गेलं का, हे पहिल्याच खेपेला कळलं, म्हणून त्या वीस सेकंदांत फक्त घड्याळाची टिकटिक आहे. ही टिकटिक म्हणजे उघड उघड इशाराच झाला असं आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं आणि अजून आहे. मला तो चालतो. तोपर्यंत ज्याला काहीच लागलेलं नाही त्याला निदान कळतं की मागे जाऊन ऐकायचं तर काय ऐकायचं, आणि बऱ्याच जणांनी तिथूनच मागे जाऊन टोले मोजले.

उलगडा मग दोन मिनिटांत आटोपतो, रमा तिन्ही ठिकाणचे टोले एकामागोमाग वाजवून दाखवते, चारला दोन, सहाला चार, आणि "पाचला स्वारगेटवर" तीन. एकही नवीन आवाज नाही. जुनेच तुकडे जसेच्या तसे परत वाजवायचे, इथे जर आम्ही टोल्यांचा आवाज जरा जरी वाढवला असता तर ऐकणाऱ्याने म्हटलं असतं मघाशी असा नव्हता वाजला, आणि ते खरं ठरलं असतं.

माझ्या मावशीने भाकऱ्या थापता थापता ऐकलं आणि रमाच्या आधी सोडवलं, पण टोल्यांवरून नाही, पाढ्यावरून. ती स्वतः शाळेत शिकवायची. म्हणाली, टोले मला ऐकूच आले नाहीत, पण अडखळणारा वर्ग मी झोपेतसुद्धा ओळखते. म्हणजे तो पाढा आम्ही नुसता सरांना सोडवायला टाकला होता आणि तो एकटाच उभा राहू शकतो हे आम्हाला तिच्याकडून कळलं.

आणि भोक सापडलं ते एका ओळखीच्या काकांना, वाईचेच आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, "पाचचं व्याख्यान पाचला सुरू झालं?" म्हणजे फोन बरोब्बर पाचला आला याला पुरावा काय, तर नाना म्हणतात व्याख्यान सुरू होतंय, आणि आपल्याकडे पाचचं व्याख्यान सव्वापाच, साडेपाच, पाहुणे येतील तेव्हा. बचाव करता आला असता, की टोले पडले म्हणजे तास भरला होताच आणि चार ते सहाच्या मधे तास भरतो तो फक्त पाचलाच, पण हे असं भांडून सांगावं लागलं तर कोडं कच्चंच की. दुरुस्ती म्हणून आम्ही नानांच्या मनगटावर बोलणारं घड्याळ बांधलं, चप्पल काढायच्या आधी त्यातली बाई म्हणते "पाच वाजले आहेत", जवळच्या भरलेल्या आवाजात. काकांना परत ऐकवलं. ते म्हणाले आता ठीक आहे, पण मनगटावर चालू घड्याळ असताना तो माणूस घरातलं दुरुस्त का करून घेत नाही?

नानांना विचारायला हवं.